उसाच्या बांधावर भर उन्हात केलेली रात्र: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शॉर्टफिल्ममधला रात्री उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाण्याचा सीन बघून बरेच जण विचारतात की एवढं रात्रीचं शूट लाईट न लावता कसं केलं, आणि दिवसा केलंय म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न सुरू होतात, दरवेळी तेच तेच. म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. सगळी उत्तरं त्या एकाच शॉटवरून आहेत, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

शॉट नक्की काय आहे, आणि रात्रीच का नाही केला?

भिलवडीच्या बाजूला कृष्णाकाठचं उसाचं रान आहे. शेतीपंपाची लाईट रातपाळीची, म्हणून एक म्हातारा शेतकरी हातात बॅटरी घेऊन बांधावरनं मोटार चालू करायला निघालाय, एवढाच शॉट, १४ सेकंदांचा. काम आमच्या तात्यांनी केलंय. धोतर, अंगात बंडी, गळ्यात लाल टॉवेल.

रात्री करायचा म्हटलं तर उसाच्या फडाला उजेड द्यायला जनरेटर पाहिजे, मोठे लाईट पाहिजेत, ते परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपल्या भागात उसात बिबट्या निघतो हे सगळ्यांना माहीत आहे, पासष्टीच्या माणसाला रात्री फडाच्या कडेनं पाचपाच वेळा चालवायची माझी तयारी नव्हती.

नुसता ब्राइटनेस कमी केला तर रात्र का वाटत नाही?

कारण मग तो खराब एक्स्पोज झालेला दिवस दिसतो. डोळा उजेड मोजत नाही, तुलना करतो. तुम्ही रात्री खरंच बांधावर उभे असता तेव्हा सगळं रान अंधारात असतं पण लांब कुणाच्यातरी खोपीवरचा बल्ब चांगला झगझगीत दिसतो, आणि त्या बल्बमुळंच बाकीचं अंधारात आहे हे कळतं. नुसता ब्राइटनेस खाली ओढला की रान पण खाली, आणि तुलनेला वर काहीच राहत नाही. सगळं चित्र एकसारखं मळकट करडं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं स्क्रीनचा ब्राइटनेस कमी झालाय.

म्हणून माझा पूर्ण हिशोब एकाच गोष्टीवर असतो. रान जवळजवळ सपाट अंधारात दाबायचं, आणि फ्रेममध्ये एकदोनच गोष्टी खऱ्या उजेडात ठेवायच्या. खाली सांगितलेलं सगळं ह्यासाठीच आहे.

मग चांदण्याचा उजेड दिवसासारखा असतो का? सावल्यांचं काय?

इथं निसर्गच आपल्या बाजूनं आहे. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच परावर्तित उजेड, आणि आपल्याला आकाशात सूर्य आणि चंद्र दोघंही साधारण अर्ध्या अंशाएवढेच दिसतात. म्हणून पौर्णिमेच्या रात्री पडणाऱ्या सावलीची कड उन्हातल्या सावलीसारखीच कडक असते. उन्हापेक्षा पौर्णिमेचं चांदणं साधारण ४ लाख पटीनं कमी, पण उजेडाचा आकार तोच. उन्हातल्या क्लिपची रात्र होऊ शकते ती ह्यामुळंच. ढगाळ दिवशीच्या क्लिपची होत नाही, सावलीच नसते तिला, चंद्र आहे कुठं हेच कळत नाही.

शूटिंग किती वाजता केलं?

डिसेंबरात, दुपारी साडेचारच्या सुमारास, ऊन तात्यांच्या पाठीमागनं डावीकडनं येत होतं.

पाठीमागनं ऊन हवंच. तसं असलं की खांद्याला, डोक्याला, उसाच्या पानांच्या कडांना उजेडाची बारीक रेघ मिळते आणि कॅमेऱ्याकडची बाजू आपोआप सावलीत राहते, म्हणजे अर्धी रात्र कॅमेऱ्यासमोरच झालेली असते. समोरनं ऊन पडलेला शॉट मात्र मी हातात घेत नाही. चेहरा सपाट उजळलेला, डोळे मिचकावलेले, तिथं कुठलंही ग्रेडिंग, म्हणजे शूटनंतर उजेड आणि रंग बदलायचं काम, पुरं पडत नाही.

उन्हाची उंची पण बघायची, कारण तीच पुढं चंद्राची उंची होणार. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो, म्हणजे लांब सावल्या पडत असतील तर एकतर नुकती रात्र झालीय नाहीतर पहाट होत आलीय. आमच्या गोष्टीत पहाटेची वेळ होती म्हणून साडेचारचं तिरपं ऊन चाललं. रात्री दहाचा सीन असता तर भर दुपारी केला असता, डिसेंबरात सांगलीत सूर्य दुपारी सुद्धा साधारण ५० अंशांवरच असतो, ते बरोबर बसलं असतं.

कॅमेऱ्यातच दोन स्टॉप अंडर शूट करायचं ना?

एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. फिल्मच्या काळात तसं करायचे कारण नंतर हातात फारसं काही नसायचं. डिजिटलला मी करत नाही. लॉगमध्ये, म्हणजे फिकं सपाट दिसणारं पण सगळा बारकावा राखणारं चित्र, १० बिटमध्ये, नीट एक्स्पोज करून घ्यायचं, फक्त कुठलीही गोष्ट फाटू द्यायची नाही. अंधार नंतर करता येतो आणि करताना नॉइज उलट खाली दबून जातो. पण आधी अंडर करून ठेवलं आणि नंतर कुठं थोडं उचलावं लागलं की त्या उचललेल्या जागी लगेच किडे वळवळायला लागतात.

फाटलं म्हणजे काय ते धोतरावर बघा. पहिल्या टेकला मी चेहऱ्यावरनं एक्स्पोजर लावलं आणि धोतराची उन्हाकडची कड पूर्ण पांढरी झाली. उन्हात ते खटकलंच नाही. पण ग्रेडला खाली घेतल्यावर तिथं कापडाची सुरकुती नाही, पोत नाही, नुसता राखाडी खडूचा ठिगळ. वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखावर, हे फार स्पष्ट दिसतं: फाटलेली जागा सरळ आडवी रेघ होऊन बसते, आणि तुम्ही कितीही खाली ओढा ती रेघ रेघच राहते, फक्त आता मध्येच कुठंतरी लटकलेली असते. अशी रेघ दिसली की तो टेक सोडून द्या. दुसऱ्या टेकला मी एक स्टॉप कमी केलं, धोतरावरनं माप घेतलं, आणि चेहऱ्याची काळजी केली नाही.

व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर ठेवून निळं करून घेतलं तर?

नको. उन्हाच्या उजेडाच्या ५६०० वरच ठेवा. एकदा निळं भाजून घेतलं की बॅटरीचा पिवळा उजेड पुढं कुठनं आणणार, तो खालच्या दिवसाच्या चित्रातनंच काढायचाय आपल्याला. ते बॅटरीच्या प्रश्नात येईलच.

ग्रेडिंगला सुरुवात कुठनं करायची?

मी डाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये करतो, ह्या कामाला लागणारं सगळं त्यात आहे. वेव्हफॉर्म उघडा ठेवा, ० ते १०२३ वाला, ० म्हणजे पूर्ण काळं आणि १०२३ म्हणजे पूर्ण पांढरं, कारण अंधाऱ्या चित्रात डोळा दहा मिनिटांत फसतो.

पहिलं काम एक्स्पोजर. रिझॉल्व्हमध्ये एकेक बदल एकेका नोडवर होतो, त्यात लॉगमधनं नॉर्मल रंगात आणणारा जो नोड असतो त्याच्या *आधीच्या* नोडवर `Offset` खाली ओढायचा. तिथं ओढलं की लेन्सचं तोंड बारीक केल्यासारखं होतं, सगळं सारख्याच स्टॉपनं खाली येतं आणि कडांवरची चमक जिवंत राहते. तेच जर रंग आल्यानंतर `Gain` खाली ओढून केलं तर वरचं सगळं चेपून एका पातळीला येतं, आणि तोच तो मळकट करडेपणा. बहुतेकांचं काम इथंच बिघडतं आणि मग ते निळा रंग वाढवून झाकायला बघतात.

ह्या शॉटला साधारण अडीच स्टॉप खाली आणलं. तेव्हा उसाचा फड ६० ते २२० च्या मध्ये बसला, तात्यांचा सावलीतला चेहरा १५० च्या आसपास, खांद्यावरची उजेडाची रेघ ४०० ला, धोतराची कड ३८० ला. पूर्ण काळं मी कुठंच ठेवलं नाही, सगळ्यात खालचं २० ते ३० ला. चेहरा एवढा अंधारात बघून सुरुवातीला भीती वाटते, पण चालणारा माणूस चेहऱ्यानं ओळखू येत नाही, चालीनं आणि कडेच्या रेघेनं येतो. बांधावर लांबनं येणारा माणूस आपण रात्री तसाच ओळखतो की.

कॉन्ट्रास्ट वाढवायचा की कमी करायचा?

दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी, आणि हेच समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रानातला आतला कॉन्ट्रास्ट कमी करायचा. कमी उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना बारकावा दिसत नाही, म्हणून रात्री आपल्याला उसाचा फड दिसतो, एकेक पान नाही दिसत. उन्हातल्या क्लिपमध्ये मात्र प्रत्येक पानाची शीर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट असते, आणि चित्र कितीही अंधारं केलं तरी ती स्पष्टता 'दिवस दिवस' म्हणून ओरडत राहते. त्याला उपाय म्हणजे `Midtone Detail` उणे करायचं, मी उणे २५ पर्यंत गेलो. पानं एकमेकांत थोडी विरघळली. मग कर्व्हवर मधला भाग हलक्या हातानं खाली दाबला, म्हणजे १०० आणि २०० मधला फरक आणखी कमी झाला.

आणि रान विरुद्ध उजेड हा कॉन्ट्रास्ट मात्र जोरात वाढवायचा. रान २२० च्या खाली, बॅटरीचं तोंड ९५० ला. मध्ये फार काही नाही. `Contrast` चा स्लायडर ओढून हे होत नाही, तो सगळ्या चित्राला एकच नियम लावतो, पानं पण कडक करतो. म्हणून तो मी १ वरच सोडून देतो.

निळा रंग किती टाकायचा?

तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मा. खरं तर चांदणं निळं नसतंच, मोजलं तर उन्हापेक्षा किंचित पिवळसर निघतं. निळं आपल्याला वाटतं ते डोळ्यामुळं आणि सिनेमाच्या सवयीमुळं. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा त्या मानानं उजळ वाटतो, पुरकिंजे परिणाम म्हणतात त्याला. अंगणातली लाल जास्वंद दिवेलागणीला बघा, फूल काळं पडतं आणि पानं अजून दिसत असतात.

म्हणून रंग *काढणं* हे निळं टाकण्यापेक्षा मोठं काम आहे. आमचा घोळ तात्यांच्या लाल टॉवेलनं केला. सगळं रान नीट बसलं होतं आणि मध्ये टॉवेल असा लालभडक की नजर तिथंच. सॅच्युरेशन ५० वरनं २४ वर आणलं तरी तो लालच. मग `Hue vs Lum` मध्ये लाल खाली ओढला, टॉवेल जवळजवळ काळा झाला, आणि त्या एका गोष्टीनं सीन जेवढा रात्रीचा झाला तेवढा कुठल्याच निळ्यानं झाला नव्हता. उसाचा हिरवा `Hue vs Sat` मध्ये आणखी निम्मा केला, ताजा पोपटी हिरवा रात्री कुणालाच दिसत नाही.

निळं सगळ्यात शेवटी, फक्त मधल्या आणि वरच्या उजेडात, तेही थोडं हिरव्याकडं झुकलेलं. काळ्यात निळं नाही टाकायचं. काळं काळंच राहिलं पाहिजे, नाहीतर सगळ्या फ्रेमला निळीचं पाणी मारल्यासारखं होतं.

आकाशाचं काय करायचं?

घेऊ नका फ्रेममध्ये. आम्ही कॅमेरा डोक्याच्या उंचीच्या थोडा वर ठेवून खाली झुकवला, मागं उसाची भिंतच येईल असा.

तरी वरच्या कोपऱ्यात तुऱ्यांच्या मधनं थोडं आकाश आलंच. क्वालिफायरनं उजळ भाग पकडून खाली ओढलं तर प्रत्येक पानाच्या कडेला पांढरी किनार राहिली, आणि वाऱ्यावर पान हललं की ती किनार पण लुकलुकते. हे दिसलं की खेळ संपला, कारण बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खोटं आहे हे कळतं. शेवटी मी पकड थोडी सैल केली, कडा मऊ केल्या, आकाश पूर्ण काळं न करता १२० च्या आसपास सोडलं, आणि फ्रेम वरनं थोडी कापली. पोलरायझरचा इथं उपयोग होत नाही, तो आकाश गडद करतो ते सूर्यापासून काटकोनात, आपला कॅमेरा तर सूर्याकडं तोंड करून आहे. पण पानांवरची चकाकी तो कमी करतो, तेवढ्यासाठी लावलेला बरा.

बॅटरीचा उजेड खरा होता का?

बॅटरी खरी होती, पेटलेली पण होती, पण उन्हात तिचा उजेड जमिनीवर दिसत नाही. तो ग्रेडमध्ये केलाय, आणि करताना काही नवीन रंगवलं नाही. दिवस परत आणला, एवढंच.

म्हणजे असं बघा. दिवसाचं चित्र तुमच्याकडं आहेच, त्यात बांधावरची माती, ढेकळं, वाळलेली पाचट सगळं उजेडात दिसतंय. तर त्याच क्लिपच्या दोन शाखा करायच्या, एक रात्रीची आणि एक दिवसाची, आणि लेअर मिक्सरनं जोडायच्या. रिझॉल्व्हमध्ये लेअर मिक्सरची खालची जोडणी वर दिसते, म्हणून दिवसाची शाखा खाली जोडायची. दिवसाच्या शाखेवर एक लंबगोल पॉवर विंडो, कडा भरपूर मऊ, तात्यांच्या पुढं जमिनीवर, आणि ती ट्रॅक करायची. ट्रॅक तात्यांच्या हाताला केला, जमिनीला नाही, कारण उजेड हाताबरोबर हलतो. ती शाखा पण थोडी खाली घेतली, एक स्टॉपभर, आणि पिवळसर केली, जुन्या बल्बच्या बॅटरीसारखी. डाग ५५० ला बसला. बॅटरीच्या तोंडाला वेगळी छोटी विंडो, ९५० ला. हे झालं आणि बाकीचं रान आपोआप आणखी अंधारलं, मी त्याला हात पण लावला नव्हता.

आता ह्यातली खरी अडचण. ऊन पाठीमागनं, म्हणजे माणसाची सावली पुढं पडते, आणि बॅटरीचा उजेड पण पुढंच पडतो. पहिल्या टेकला सावली बरोबर बॅटरीच्या डागात आली. बॅटरीच्या उजेडात चंद्राची सावली, असं कधी होत नाही, जवळचा उजेड ती पुसून टाकतो. ग्रेडमध्ये सावली उचलून बघितली, माती पांढुरकी झाली. मग तात्यांनीच तोडगा काढला, म्हणाले, "मी जरा तिरका चालतो आणि बॅटरी पाटाकडं मारतो की, तसंपण पाणी आलंय का बघायला आपण तिकडंच मारतो." ऊन मागनं डावीकडनं, सावली पुढं उजवीकडं, बॅटरी पुढं डावीकडं. दोन्ही सुटले.

माझ्या लॅपटॉपवर मस्त दिसतं, दुसरीकडं काहीच दिसत नाही. का?

हे माझ्याबरोबर झालंय आणि फार वाईट झालंय. सांगलीतल्या एका हॉलमध्ये दुपारी दाखवलं, पडदे नीट लागत नव्हते, प्रोजेक्टर मंद, आणि ह्या सीनला पडद्यावर बॅटरीचा ठिपका सोडून काही नव्हतं. तात्या शेजारी बसले होते आणि त्यांना त्यांचा स्वतःचा सीन दिसला नाही. तेव्हा मी फड ३० ते १२० मध्ये ठेवला होता, कारण रात्री खोलीतला लाईट बंद करून ग्रेड केलं होतं आणि डोळ्याला ते पुरेसं वाटत होतं. आता खोलीत लाईट चालू ठेवून करतो, मधनंमधनं पाच मिनिटं बाहेर जातो, आणि शेवटी मोबाईलवर अर्ध्या ब्राइटनेसला बघतो. खांद्याची रेघ आणि धोतर तिथं ओळखू आलं तर ठीक. वर सांगितलेले ६० ते २२० हे त्या दिवसानंतरचे आकडे आहेत.

एक्स्पोर्ट केल्यावर अंधारात चौकटी आणि पट्टे दिसतात.

८ बिटच्या फाईलमध्ये एकूण २५६ पातळ्या, आणि आपलं सगळं रान त्यातल्या खालच्या ५०-६० पातळ्यांत कोंबलेलं. वरनं कॉम्प्रेशन अंधारातला बारकावा आधी फेकून देतं. बिटरेट भरपूर ठेवा आणि शेवटी अगदी थोडं ग्रेन टाका, ग्रेनमुळं पट्टे फुटतात, आणि ग्रेडमध्ये दबून गेलेला जिवंतपणा पण परत येतो. रिझॉल्व्हच्या बाहेर टाकायचं असेल तर मी असं टाकतो:

```
ffmpeg -i raat.mov -vf "noise=alls=6:allf=t" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p raat_grain.mp4
```

६ च्या जागी १० केलं तर पाऊस पडल्यासारखं दिसायला लागतं. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका कुणाला, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोबाईलवर शूट केलेल्या क्लिपचं होईल का?

ऊन मागनं असेल आणि काही फाटलेलं नसेल तर होईल. एचडीआर मात्र बंद करून शूट करा, कारण मोबाईल स्वतःच सावल्या उचलून ठेवतो आणि आपल्याला नेमक्या त्याच सावल्या पाहिजे असतात. शार्पनेस पण तो जास्त देतो, मग `Midtone Detail` उणे ४० पर्यंत न्यावं लागतं.

आवाज?

दिवसाचा आवाज पूर्ण काढून टाका. चिमण्या, लांबचा ट्रॅक्टर, एवढं जरी राहिलं तरी चित्रावरचा विश्वास जातो. आम्ही त्याच बांधावर रात्री नऊला मोटारसायकलवर बसूनच रातकिड्यांचा आणि पाटाच्या पाण्याचा आवाज दहा मिनिटं भरून घेतला.

कुठल्या शॉटचं हे करूच नये?

ज्यात घरं, रस्ता, दुकानं आहेत त्याचं. रात्री खिडकीत, खांबावर, गाडीला दिवे असतात, ते एकेक करून बसवायचे म्हटलं तर १४ सेकंदांना आठवडा जातो, आणि एक जरी खिडकी अंधारी राहिली तर गाव ओसाड पडल्यासारखं वाटतं. नदीच्या मोठ्या पात्राचं पण नको, पाण्यात आकाश दिसतं आणि ते आकाश दिवसाचंच असतं. आमचा सांगलीच्या आयर्विन पुलावरचा शॉट ह्याच कारणानं शेवटी संध्याकाळी सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांत खराखरा शूट केला, तेव्हा पुलावरचे दिवे लागलेले असतात आणि आकाशात अजून थोडा उजेड असतो. त्याला ग्रेडमध्ये दोन तास लागले. बांधावरच्या शॉटला चार दिवस लागले होते.